मेथीचं पाणी पिऊन गोळ्या सुटतात का?

"सकाळी उपाशीपोटी ॲपल सायडर व्हिनेगर, मेथीचं पाणी, दालचिनी आणि कारल्याचा रस घ्या, तीन महिन्यांत शुगर नॉर्मल, गोळ्या कायमच्या बंद!" डायबेटिसवरचा असा दावा तुम्हीही ऐकला असेल, तो एकेक करून तपासू.

आधी व्हिनेगर. त्यातल्या ॲसिटिक ॲसिडमुळे अन्न पोटातून हळू पुढे सरकतं, म्हणून पिष्टमय जेवणानंतर शुगर थोडी कमी चढते, हे छोट्या चाचण्यांत दिसलंय. पण हा फायदा जेवणासोबत घेतल्यावरचा आहे. आणि ज्यांचं पोट डायबेटिसमुळे आधीच सुस्त झालंय आणि जे इन्सुलिन घेतात त्यांनी तर जपायलाच हवं, कारण इन्सुलिन वेळेवर काम सुरू करतं आणि अन्न मात्र पोटातच अडकून राहतं.

चौघांत मला मेथीचं पारडं सगळ्यात जड वाटतं. पण डोस बघा. 1990 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या अभ्यासात टाइप 1 रुग्णांना तेल काढलेली मेथीपूड दिवसाला 100 ग्रॅम दिली होती, दोन्ही जेवणांत वाटून. चमचाभर दाणे म्हणजे चार-पाच ग्रॅम. शिवाय काम करतो तो मुख्यतः दाण्यातला चिकट फायबर, आणि लोक दाणे गाळून फेकतात आणि पाणी पितात!

दालचिनीचा गाजावाजा 2003 च्या पाकिस्तानातल्या 60 जणांच्या अभ्यासावरून झाला, उपाशीपोटीची शुगर चांगली उतरली होती. पुढे 2012 मध्ये वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 10 चाचण्या एकत्र तपासल्या तर सरासरी शुगर दाखवणाऱ्या एचबीए1सी या रक्तचाचणीत ठोस फरक सापडला नाही. कॅशिया जातीच्या दालचिनीत कौमारिन नावाचं द्रव्य असतं, रोज भरपूर खाल्ली तर लिव्हरला त्रास होऊ शकतो.

कारल्याबद्दल थायलंडमध्ये 2011 मध्ये चार आठवड्यांची चाचणी झाली, दिवसाला 2000 मिलिग्रॅम सुकं कारलं थोडं उपयोगी पडलं पण मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीपेक्षा कमीच. आणि शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्याने वरून रस प्यायला आणि नाश्ता लांबवला तर शुगर खाली घसरू शकते. हात थरथरले, दरदरून घाम फुटला की लगेच मोजा आणि साखर खा.

"पण माझी तर उतरली ना" म्हणणारे खोटं बोलत नाहीत. समजा एखाद्याची उपाशीपोटीची शुगर 168 आली, घाबरून त्याने रस सुरू केला, त्याच आठवड्यात गोड सोडलं, चालायला लागला आणि पंधरा दिवसांनी 131 आली. श्रेय कुणाला द्यायचं? एक सकाळचा आकडा तर झोप, ताण, रात्रीचं जेवण यानेही हलतो. एचबीए1सी मात्र साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून उपाय करायचाच असेल तर गोळ्या चालू ठेवून एकच सुरू करा, बाकी काही बदलू नका, आधीची आणि तीन महिन्यांनंतरची एचबीए1सी शेजारी ठेवून बघा, आणि गोळी कमी करायची का ते तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून ठरवा.