शेवटची चार अक्षरं जुळली अन् १,४०० युएसडीटी गेले

पोस्ट मोठी आहे, क्रिप्टोशी घेणं-देणं नसेल तर स्क्रोल करा. ज्यांचं आहे त्यांनी मात्र वाचा, कारण मी स्वतःला हुशार समजत होतो.

मी जळगावात बसून बाहेरच्या एका क्लायंटचं वेबसाइटचं काम करतो. तो पेमेंट युएसडीटीत, म्हणजे डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो टोकनमध्ये देतो, ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेन नेटवर्कवर. ते मोबाईलच्या वॉलेटला येतं, तिथून मी एक्स्चेंजच्या डिपॉझिट अ‍ॅड्रेसवर टाकतो अन् विकून बँकेत घेतो. त्या दिवशी १,४१० जमा होते. आधी टेस्ट म्हणून १० पाठवले, पोचले. मग खाली टपरीवर चहाला गेलो, पंधरा-वीस मिनिटांनी आलो, वॉलेटची हिस्टरी उघडली, सगळ्यात वरच्या ओळीतला अ‍ॅड्रेस कॉपी केला, १,४०० टाकले, सेंड. वॉलेटमध्ये सक्सेस दिसतंय अन् एक्स्चेंजला काहीच येईना. अर्धा तास मी नेटवर्क स्लो आहे म्हणून बसून राहिलो, बोला आता.

मग दोन्ही अ‍ॅड्रेस पूर्ण उघडून एकाखाली एक ठेवले. वॉलेटमध्ये दोन्ही दिसत होते TKx9…mR4w असेच, अन् मधली सगळी अक्षरं वेगळी. म्हणजे मी पैसे एक्स्चेंजला नाही, कोण्या चोराला पाठवले, स्वतःच्या हाताने.

तर हे होतं कसं. ब्लॉकचेनवरचे व्यवहार उघडे असतात, चोरांचे प्रोग्रॅम दिवसभर ते बघत बसलेले. मी १० पाठवले की त्यांना कळलं हा माणूस या अ‍ॅड्रेसला पैसे टाकतो. मग सुरुवात-शेवट जुळणारा अ‍ॅड्रेस तयार करायचा. ट्रॉनचा अ‍ॅड्रेस ३४ अक्षरांचा, पहिलं T सगळ्यांचंच असतं, त्यामुळे ते जुळलं याला काही किंमत नाही. प्रत्येक जागी ५८ पर्याय, म्हणजे शेवटची चार जुळवायला सरासरी १ कोटी १३ लाख वेळा नवीन अ‍ॅड्रेस बनवून बघायचा. आपल्याला आकडा मोठा वाटतो, कॉम्प्युटरला किरकोळ. सुरुवातीची दोन-तीन पण जुळवायची तर काम हजारो पटीने वाढतं, पण ग्राफिक कार्ड लावून तेही होतं. सगळीच्या सगळी ३४ मात्र कोणालाच जुळवता येत नाहीत, आपला बचाव तिथेच आहे.

आता तो अ‍ॅड्रेस माझ्या हिस्टरीत आला कसा? मला आधी वाटलं वॉलेट हॅक झालं. नाही भो. टोकनच्या नियमात दुसऱ्याच्या खात्यातून रक्कम हलवायला त्याची परवानगी लागते, पण रक्कम शून्य असेल तर परवानगीची मर्यादा शून्य असली तरी चालते. म्हणून चोर माझ्या नावाने स्वतःच्या नकली अ‍ॅड्रेसला ० युएसडीटी पाठवतो अन् माझ्या हिस्टरीत ‘सेंट’ अशी ओळ येते, जशी काही मीच पाठवली. माझा चहा होईपर्यंत ती वर येऊन बसली होती. मी आकडा बघितलाच नाही, फक्त mR4w बघितलं. काही जण तर युएसडीटी नावाचं नकली टोकन बनवून अगदी १० चाच आकडा दाखवतात, तेव्हा आकडा बघूनही फसतो माणूस.

अन् हे फक्त आपल्यासारख्या नवख्यांचं नाही. मे २०२४ मध्ये एकाचे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन असेच गेले, तेव्हाचे सुमारे ६.८ कोटी डॉलर. त्यानेही आधी छोटी टेस्ट केली होती. त्याला चोराने नंतर बरेचसे परत केले म्हणे, माझा चोर एवढा दिलदार निघाला नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तक्रार टाकली, अजून काही नाही. उलट इनबॉक्समध्ये ‘पैसे काढून देतो, आधी फी भरा’वाले मात्र रांगेने आले. मामा म्हणे, “आस्सं कसं व्हयनं रे भो?” काय सांगू त्यांना.

टेस्ट करणं चूक नव्हतं. टेस्टनंतर अ‍ॅड्रेस हिस्टरीतून उचलला, तिथे वाट लागली. टेस्टने तपासला एक अ‍ॅड्रेस अन् पैसे गेले दुसऱ्यालाच.

आता मी हिस्टरीतून कॉपी करतच नाही. डिपॉझिटचा अ‍ॅड्रेस एकदा एक्स्चेंजच्या अ‍ॅपमधून घेतला, पूर्ण ३४ अक्षरं दोनदा जुळवून बघितली अन् वॉलेटच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये नाव देऊन सेव्ह केला. टेस्ट अन् मोठी रक्कम दोन्ही त्याच सेव्ह केलेल्या नावावर. सेंड दाबायच्या आधी स्क्रीनवर पूर्ण अ‍ॅड्रेस उघडून मधली सहा अक्षरं वहीतल्याशी जुळवतो, कारण चोर खर्च करतो तो टोकांवर, मध्ये नाही. क्लायंटलाही सांगून ठेवलंय की माझा अ‍ॅड्रेस त्याच्या हिस्टरीतून उचलू नको, सेव्ह करून ठेव, कारण हाच खेळ त्याच्या बाजूनेही होतो.

काल परत २० पाठवले. संध्याकाळी हिस्टरी बघितली तर वर दोन नवीन ओळी, ० युएसडीटी, शेवट mR4w. अजून माझ्याच मागे आहेत बाबा.