नावं उडवली म्हणून शीट अनॉनिमस होत नाही

"एचओडीकडून एन्रोलमेंट डेटा पाहिजे असेल तर पूर्ण शीटच मागा, नंतर कोणता कॉलम लागेल सांगता येत नाही. पत्रात 'प्रोजेक्टसाठी' एवढं लिहिलं तरी पुरे. नाव आणि रोल नंबर काढले की डेटा अनॉनिमस होतो, प्रायव्हसीचं वेगळं काही लिहायची गरज नाही. तरी नाही दिला तर सरळ आरटीआय टाका."

हा मेसेज नागपुरातल्या जवळपास प्रत्येक फायनल इयरच्या ग्रुपवर फिरून राहिला आहे, आणि मी डिपार्टमेंटला अ‍ॅडमिशनच्या शीट्स सांभाळतो म्हणून त्याचा परिणाम रोज माझ्या टेबलावर येतो. त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी अनॉनिमसवालं घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. समजा साठ मुलांचा वर्ग आहे आणि नाव, रोल नंबर दोन्ही उडवले, पण जन्मतारीख राहिली. एका वर्गातली मुलं साधारण तीन वर्षांच्या आत जन्मलेली असतात, म्हणजे शक्य तारखा झाल्या १०९५. साठ मुलांच्या जोड्या होतात १७७०, त्याला १०९५ ने भागलं की १.६ येतं, म्हणजे अख्ख्या वर्गात जेमतेम एक-दोन जोड्यांची जन्मतारीख सारखी निघणार आणि बाकी प्रत्येकाची वेगळी. आणि वाढदिवस तर क्लासच्या ग्रुपवर केकच्या फोटोसकट सगळ्यांना माहीतच असतात, मग त्या तारखेसमोर लिहिलेलं उत्पन्न, कॅटेगरी, बॅकलॉग कोणाचे हे कळायला किती वेळ लागणार? अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात हेच दाखवलं होतं, नावं काढून दिलेल्या वैद्यकीय डेटातून त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली, हाताशी होतं फक्त जन्मतारीख, पिन आणि लिंग, आणि जोडीला मतदारयादी.

जन्मतारीख काढली तरी एक गोष्ट हमखास राहून जाते ती म्हणजे ओळींचा क्रम. ऑफिसची शीट रोल नंबरप्रमाणे लावलेली असते, नावाचा कॉलम डिलीट केला तरी सतरावी ओळ ही सतरा नंबरच्याच मुलाची राहते आणि हजेरीचा मस्टर वर्गात सगळ्यांनी पाहिलेला असतो. म्हणून पत्रात स्पष्ट लिहायचं की ओळींचा क्रम शफल करून द्यावा. आणि फाईल सीएसव्हीत मागायची, कारण एक्सेलमध्ये कॉलम नुसते हाइड केलेले असतात नाहीतर पिवट टेबलच्या पोटात मूळ डेटा तसाच बसलेला असतो, देणाऱ्याला पत्ताही नसतो.

आता "प्रोजेक्टसाठी एवढं पुरे" आणि "पूर्ण शीट मागा" हे दोन्ही एकच आहे, कारण कॉलम कोणते लागतील हे उद्देशच ठरवतो. मागच्या वर्षी एका मुलीने पहिलं पत्र असंच दोन ओळींचं दिलं आणि ते परत गेलं. मग तिने प्रश्न लिहिला: बाहेरगावाहून रोज येणाऱ्या मुलांचं दुसऱ्या वर्षापर्यंत गळण्याचं प्रमाण शहरातल्या मुलांपेक्षा जास्त आहे का? आता बघा यातून काय निघतं. नुसता आकडा मागितला असता तर पहिल्या सेमला ६०, तिसऱ्या सेमला ५८, म्हणजे दोनच गळाले असं दिसलं असतं. पण समजा मधे डिप्लोमावाली सहा मुलं डायरेक्ट सेकंड इयरला आली असतील, तर मूळच्या साठातली ५२ च उरली, आठ गेली. त्या आठातलीही पाच इयर डाउन असतील तर ती पुढच्या बॅचमध्ये परत दिसणार, खरंच अ‍ॅडमिशन कॅन्सल करून गेलेली तीनच. म्हणजे प्रवेशाचा प्रकार आणि सध्याची स्थिती हे दोन कॉलम नसतील तर उत्तर साफ चुकतं, आणि हेच दोन कॉलम 'पूर्ण शीट' म्हणून मिळणाऱ्या फाईलमध्ये बहुतेक वेळा नसतात कारण ते वेगळ्या रजिस्टरला असतात! मागितल्याशिवाय कोणी जोडून देत नाही.

उलट कॅटेगरी, उत्पन्न, आईवडिलांचा व्यवसाय, मोबाईल यातलं काहीच तिच्या प्रश्नाला लागत नव्हतं. पत्ताही नाही. तिला अंतर पाहिजे होतं, म्हणून तिने तालुका पण न मागता तीन पट्टे मागितले: नागपूर शहर, कामठी-हिंगण्यासारखे जवळचे तालुके, आणि काटोल-रामटेक-उमरेडसारखे लांबचे. हे पट्टे ऑफिसने पाडून द्यायचे, कारण रामटेकची मुलगी वर्गात एकच असेल तर तालुका म्हणजे तिचं नावच झालं.

दोन सेमच्या याद्या जोडायला प्रत्येक मुलाला काहीतरी नंबर तर लागतोच, तिथे काही जण रोल नंबरचा हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने बनवलेला सांकेतिक कोड, करून द्या म्हणतात. तो उपयोगाचा नाही, रोल नंबर सलग असतात, सगळ्या नंबरांचे हॅश काढून जुळवायला लॅपटॉपला क्षणभर लागतो. तिच्या पत्रातला हा परिच्छेद मला बरोबर वाटला, म्हणून तिला विचारून देतो:

"प्रत्येक विद्यार्थ्याला कार्यालयाने यादृच्छिक अभ्यास-क्रमांक द्यावा व त्याची किल्ली कार्यालयातच ठेवावी. मला प्रवेश वर्ष, प्रवेशाचा प्रकार, लिंग, अंतराचा पट्टा आणि तिसऱ्या सत्रातील स्थिती एवढेच पाच रकाने हवेत. फाईल मी व माझे मार्गदर्शक यांच्याशिवाय कोणी उघडणार नाही, ती ग्रुपवर वा सामायिक ड्राइव्हवर ठेवली जाणार नाही, आणि प्रबंध जमा झाल्यावर ३० दिवसांत नष्ट करून आपणास लेखी कळवीन."

फाईल हातात देण्याआधी मी काय केलं तर पाचपेक्षा कमी मुलांचे, म्हणजे मुलं सहज ओळखू येतील असे लहान गट आहेत का ते पाहिलं:

```python
k = df.groupby(["year", "entry", "gender", "zone"]).size()
print(k[k < 5])
```

बरेच निघाले, सगळे डायरेक्ट सेकंड इयरच्या मुलींचे. तिचा प्रश्न मूळ बॅचबद्दलचा होता म्हणून त्या ओळीच काढल्या, आणि मग राहिलेल्यात लिंगाची गरज आहे का विचारलं तर ती म्हणाली राहू द्या सर, त्याशिवाय चालतं. चार कॉलम झाले.

आरटीआयबद्दल थोडक्यात. २००५ च्या कायद्याचं कलम ८(१)(जे) वैयक्तिक माहितीला सूट देतं आणि २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याने ते आणखी कडक केलं, त्यामुळे मुलानिहाय शीट त्या वाटेने मागण्यात अर्थ नाही. किती प्रवेश, किती रद्द असे एकूण आकडे मागता येतात, पण त्यासाठी ३० दिवस थांबण्यापेक्षा एचओडींना तेच आकडे पत्राने मागितलेले बरे.

आणि प्रबंधात टेबल छापताना पाचपेक्षा लहान आकडा झाकला की झालं असं समजू नका. लांबच्या पट्ट्यात एकूण १४, त्यातले टिकले ११ असं लिहून गळालेल्यांच्या खान्यात फुली मारली, तर वजाबाकी करून तीन कोणालाही काढता येतात. तिथे टिकलेल्यांचा आकडाही झाकावा लागतो, नाहीतर दोन पट्टे एकत्र करावे लागतात. तिने जवळचा आणि लांबचा पट्टा एकत्र केला.