चार वाजताच्या मीटिंगवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

«लेख वाचला. माझे जपानी सहकारी रोज दुपारी चार वाजता मीटिंग लावतात, कुणी मेल्याचं अजून ऐकलं नाही. अंधश्रद्धेला संस्कृतीचा मुलामा देऊन तुम्ही नव्या मुलांना दोन ओळींचा मेसेज टाकायलाही घाबरवताय. लाल रंग अशुभ म्हणे! त्यांचा झेंडा बघितलाय का कधी? आणि हल्ली भेटी कॅटलॉगमधूनच निवडतात. एकूण लेख इकडून तिकडून उचललेला वाटला. — एक वाचक»

प्रिय ‘एक वाचक’ (नाव लिहायला काय हरकत होती?),

माझा लेख होता जपानी लोकांना शुभेच्छा आणि भेटी देताना कोणते आकडे, शब्द आणि रंग टाळायचे याबद्दल. सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करते, कारण लागलं ते तेच. कुठून उचलला तेवढंही सांगितलं असतंत, तर त्या मूळ लेखकाला फोन करून माफी मागितली असती. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत मी बरीच वर्षं ब्रिज एसई होते. म्हणजे हिंजवडीचं बोलणं नागोयाला आणि नागोयाचं न बोलणं हिंजवडीला समजावून सांगणारी बाई. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, कुणाची बदली, कुणाचे वडील गेले, की आमच्या टीमने लिहिलेल्या दोन ओळी पाठवण्याआधी माझ्याकडे तपासायला यायच्या. हे काम इंटरनेटवर बसून शिकता येतं असं तुम्हाला वाटत असेल, तर वाटो. मतभेदाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ‘म्हणे’ लावून वाक्य संपवलं की मुद्दा सिद्ध झाला, ही पद्धत मला जमत नाही.

आता मीटिंग. जपानीत चार आणि मृत्यू या दोन्हींचा उच्चार ‘शि’ होतो, म्हणून चारचा आकडा अशुभ मानतात. पण एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करते: रोजच्या व्यवहारात चारला तिथे कुणी भीत नाही. उलट तुमच्यापेक्षा भक्कम पुरावा मीच तुमच्या हातात देते. चार वाजले हे ते ‘योजि’ असं म्हणतात, त्यात मृत्यूचा ‘शि’ येतच नाही. पण एप्रिल महिन्याला म्हणतात ‘शिगात्सु’, त्यात तो ‘शि’ ठसठशीत आहे. आणि त्याच एप्रिलच्या 1 तारखेला तिथलं आर्थिक वर्ष सुरू होतं, कंपन्यांत नवी भरती रुजू होते. कुणी एप्रिल टाळत नाही. घ्या, खूश?

पण चार वाजणं हे कुणी कुणाला दिलेलं नसतं. तीननंतर ते आपोआप येतं. माझा लेख होता शुभेच्छांच्या मेसेजांबद्दल आणि भेटींबद्दल, म्हणजे आपण निवडून दुसऱ्याच्या हातात ठेवतो त्या आकड्यांबद्दल. हा फरक तिथलं सरकारी खातंसुद्धा ओळखतं. जपानमध्ये गाडीच्या नंबरप्लेटवर शेवटचे दोन अंक 42 किंवा 49 असलेला नंबर एरवी दिला जात नाही. 42 हा ‘शि-नि’ असा वाचता येतो, मरणाशी जोडलेला. 49 मध्ये ‘शि’ आणि ‘कु’ एकत्र येतात, मरण आणि यातना. घड्याळ कुणी बदललं नाही, पण माणसाच्या हातात द्यायचा नंबर मात्र बघून दिला जातो.

लेखात जागेअभावी गाळलेला एक प्रसंग आता सविस्तर सांगते. नागोयातल्या एका सहकाऱ्याचं लग्न ठरलं. आमच्या टीममध्ये आठ जण, प्रत्येकी 5,000 येन काढायचे ठरले. बेरीज करा: 40,000. सगळ्यांनी अगदी मनापासून दिलेले पैसे, आणि रक्कम नेमकी चाराने सुरू होणारी. त्यावर आमच्यातल्या एका सज्जनाने आपल्याकडच्या सवयीने सुचवलं, “मग वर एक टाकू, 40,001 करू.” लग्नाच्या त्या पाकिटात, ज्याला ‘गोशूगिबुकुरो’ म्हणतात, नाणं घालत नाहीत. नव्या कोऱ्या नोटाच घालतात, आणि आपला वरचा एक तिथे कुणाला कळणारही नाही.

लग्नात रक्कम बहुतेक 1, 3 किंवा 5 ने सुरू होते, कारण सम रक्कम दोघांत सरळ वाटली जाते आणि जोडपं वेगळं होण्याची आठवण करून देते. 20,000 आता बरेच जण चालवून घेतात. त्यातही काही जण एक 10,000 ची आणि दोन 5,000 च्या नोटा घालतात, म्हणजे नोटा तरी तीन होतात. आठ सम असूनही चालतो, कारण त्याचं अक्षर खाली पसरत जातं, भरभराटीसारखं. नऊ विषम असूनही चालत नाही, ‘कु’मुळे. आमच्या 40,000 वर उपाय सोपा होता आणि तिथेही तोच करतात: 30,000 पाकिटात आणि उरलेल्या 10,000 ची वस्तू. कपांची जोडी घेतली. जोडी ही एकच वस्तू मानली जाते, तिथे सम-विषमचा प्रश्न येत नाही. पाकिटाची लाल-पांढरी दोरी न सुटणाऱ्या गाठीची बघून घेतली. ओढली की सुटते ती फुलासारखी गाठ मुलाच्या जन्माला चालते, कारण तो आनंद पुन्हा आला तर हवाच असतो. लग्न एकदाच.

मग कार्डावरचा मजकूर. तुम्ही ज्यांना ‘नवी मुलं’ म्हणता, त्यातल्याच एका हुशार मुलाने जपानीत लिहून आणला होता. त्यात ‘कासानेगासाने’ होतं (वरचेवर, पुन्हा पुन्हा अभिनंदन अशा अर्थाने), ‘ताबिताबि’ भेटत राहू असं होतं, आणि गमतीत ‘एकट्याचं आयुष्य संपलं’ असंही. एकही शब्द असभ्य नाही. पण लग्नाच्या मजकुरात द्विरुक्तीचे शब्द दुसऱ्या लग्नाकडे बोट दाखवतात, आणि ‘संपणं’, ‘तुटणं’, ‘दूर जाणं’ तर टाळतातच. शिवाय कार्डावर स्वल्पविराम आणि पूर्णविराम देत नाहीत, कारण ते तोडतात आणि थांबवतात. तिथे मोकळी जागा सोडतात किंवा नवी ओळ घेतात. ऑफिसच्या चॅटवर कुणी पूर्णविराम मोजत बसत नाही, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तो परिच्छेद बहुधा ओलांडून गेलात. शेवटी कार्डावर गेलं ते एवढंच:

गोकेक्कोन ओमेदेतो गोझाइमासु
ओफुतारि नो सुएनागाइ ओशिआवासे ओ
ओइनोरि इताशिमासु

म्हणजे लग्नाबद्दल अभिनंदन, तुम्हा दोघांना दीर्घकाळ सुख लाभो ही प्रार्थना. दोन वाक्यं, एकही टिंब नाही. लिहून घ्या, वापरा. घाबरण्यासारखं यात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही इंग्रजीत लिहितो. खरंच आहे, इंग्रजीतल्या शब्दांना यातलं काही लागू होत नाही. परदेशी माणसाला ते बरंच माफही करतात. पण आकडा, चित्र आणि रंग यांना भाषांतर लागत नाही, ते इंग्रजी मेसेजमधूनही जसेच्या तसे पोचतात. आणि दोन ओळींच्या मेसेजमध्ये सांभाळून घ्यायला आजूबाजूला दुसरं काही नसतं. एकदा तिथले एक वरिष्ठ हॉस्पिटलमध्ये होते. आमच्या एका मॅनेजरने हौसेने ई-कार्ड निवडलं, ‘लवकर बरे व्हा’ आणि खाली कुंडीतलं सुंदर रोप. मजकूर इंग्रजीत, निर्दोष. मुळं धरलेलं रोप आजाऱ्याला देत नाहीत, कारण ‘नेत्सुकु’ म्हणजे मूळ धरणं आणि ‘नेत्सुकु’ म्हणजेच अंथरुणाला खिळणं. कार्ड पाठवायच्या आधी तिथल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला बाजूला फोन केला आणि अगदी हळू विचारलं, चित्र बदलता येईल का. मी कापलेल्या फुलांचं लावलं. पांढरी शेवंती तेवढी टाळली, आपण ती सणाच्या हारात ओवतो पण तिथे ती अंत्यविधीची.

ते कार्ड गेलं असतं, तरी वरिष्ठांनी आभारच मानले असते. म्हणून तुमच्या सहकाऱ्यांनी आजवर तक्रार केली नाही, हा पुरावा माझ्या लेखी शून्य किमतीचा आहे. ते तक्रार करणार नाहीत. हसून ‘आरिगातो गोझाइमासु’ म्हणतील आणि तुम्ही इथे येऊन मला अंधश्रद्धेवर व्याख्यान द्याल.

आणि त्या अंधश्रद्धेबद्दल. तुमच्या घरी मंगळसूत्र तुटतं की वाढवतात? नारळ फोडला म्हणता की वाढवला? बाहेर पडताना ‘जातो’ म्हणता की ‘येतो’? ‘येतो’ म्हणणाऱ्या माणसाला आपण अंधश्रद्ध ठरवत नाही. जपानी लग्नात केक ‘कापत’ नाहीत, केकमध्ये सुरी ‘घालतात’, आणि समारंभ ‘संपत’ नाही, ‘उघडतो’: ‘ओहिराकि’. ‘वाढवणं’ ज्याच्या जिभेवर आहे त्याला ते समजायला इतके कष्ट का पडावेत? यमाला घाबरून कुणी ते बोलत नाही. समोरच्याच्या शुभ दिवशी आपण जीभ सांभाळली, एवढंच त्याला कळतं.

लाल रंगाबद्दल लिहायला खरं तर माझ्याकडे फारसा वेळ नाही. लाल अशुभ आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पांढऱ्यासोबत लाल शुभच, साठी पूर्ण झालेल्या माणसाला तर लाल अंगरखा घालतात. मी लिहिलं होतं ते इतकंच, की कुणाचं नाव लाल शाईत लिहू नका, संपूर्ण पत्र लाल अक्षरांत लिहिलं तर ते संबंध तोडल्याचं पत्र वाटतं, आणि नव्या घराच्या भेटीत लाल टाळा, कारण ते आगीची आठवण करून देतं. नावाशेजारी लाल शिक्का मात्र रोज उमटतो. झेंड्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, साहेब. किंवा बाई. जे असाल ते.

कॅटलॉगचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा यजमान पाहुण्यांना देतात, परतीची भेट म्हणून. माझा लेख उलट दिशेच्या भेटीबद्दल होता. त्यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

तुमच्या चार वाजताच्या मीटिंगमधल्या कुणाचं लग्न ठरलं आणि वर्गणी 40,000 वर आली, तर वर लिहिलंय तसं करा. मला विचारायला या, हवं तर. फक्त या वेळी स्वतःच्या नावाने या.