स्वतःच्याच चालीवर क्लेम : एका प्रतिक्रियेला उत्तर

यूट्यूबवर तुमच्याच चालीवर कुणी कॉपीराइटचा दावा, म्हणजे क्लेम, केला तर पुराव्यासाठी गाण्याची प्रोजेक्ट फाइल आणि तारखा जपून ठेवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

"दादा, प्रोजेक्ट फाइल आणि तारखा जपून काय उपयोग? यूट्यूबवर क्लेम करणारेच निकाल देतात. वाद घातला की स्ट्राइक बसतो. माझ्या पेटीच्या व्हिडिओवरही क्लेम आहे, मी राहू दिलाय. व्हिडिओ तर चालू आहे ना!"

पहिला निकाल क्लेमवाल्याच्याच हातात असतो हे खरं, आणि मलाही ते खटकतं. पण नुसत्या डिस्प्यूटने, म्हणजे क्लेमवर हरकत घेतल्याने, स्ट्राइक म्हणजे चॅनेलवर कॉपीराइटचा ठपका बसत नाही. डिस्प्यूट टाकल्यावर समोरच्याला ३० दिवस मिळतात. तो गप्प राहिला तर क्लेम आपोआप सुटतो. त्याने नकार दिला तर अपील करता येतं, त्यावर त्याला ७ दिवस. तिथेही अडून बसायचं असेल तर त्याला व्हिडिओ काढून टाकण्याची कायदेशीर मागणी करावी लागते. स्ट्राइक येतो तो अशा मागणीमुळे, आणि ती तो डिस्प्यूटनंतर थेटही करू शकतो.

आता पुराव्याचं. माझ्या एका मित्राने तुकोबांच्या अभंगाला स्वतः चाल लावली. शब्द सगळ्यांचे, चाल त्याची. तरी क्लेम आला. जुळलेला भाग वाजवून पाहिला तर त्यात चाल नव्हतीच, गाणं सुरू होण्याआधीचा नुसता तानपुरा होता! तो लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचा तयार तुकडा, त्याने विकत घेतलेल्या सॅम्पल पॅकमधला. तोच लूप वापरून दुसऱ्या कुणीतरी गाणं केलं आणि ते ऑनलाइन पोहोचवणाऱ्या त्याच्या वितरक कंपनीने ते अख्खंच्या अख्खं कंटेंट आयडीत, म्हणजे जुळणारा आवाज आपोआप शोधणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, टाकलं. ज्याचे हक्क एकट्याकडे नाहीत असा लूप तिथे टाकायला यूट्यूबच्या नियमांत परवानगी नाही.

अशा वेळी प्रोजेक्ट फाइल दाखवून भागत नाही. 'चाल माझी आहे' म्हणालात तर समोरचा म्हणेल, तानपुरा तर आमच्याच गाण्यातला आहे. म्हणून कारण लायसन्सचं द्यायचं. पॅकचं नाव, खरेदीची तारीख, लूपच्या फाइलचं नाव, आणि हा लूप कुणा एकाच्या मालकीचा नाही, एवढं चार ओळींत. मित्राने तेच लिहिलं आणि क्लेम सुटला. जुळलेला भाग खरोखर तुमची चाल असेल तर मात्र प्रोजेक्ट फाइल, सुट्टे ट्रॅक आणि पहिल्या कच्च्या रेकॉर्डिंगची तारीख कामाला येते. गाणं तुम्हीच वितरकाकडे दिलं असेल तर आधी तिथेच विचारा. पुष्कळदा क्लेम आपल्याच गाण्याचा निघतो आणि चॅनेलचं नाव कळवलं की ते काढतात.

व्हिडिओ चालू राहतो, पण जाहिरातीचे पैसे बहुधा क्लेमवाल्याकडे जातात. क्लेम आल्यापासून ५ दिवसांत डिस्प्यूट केला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात. उशीर केला तर डिस्प्यूटच्या दिवसापासूनचेच.

स्ट्राइकनंतर, व्हिडिओ परत लावा अशी प्रतिनोटीस देता येते. मग १० कामकाजी दिवसांत समोरच्याने कोर्टात गेल्याचं दाखवावं लागतं. पण तुमचं नाव-पत्ता त्याच्याकडे जातो, म्हणून कागद पक्के नसतील तर मी त्या टोकाला जाणार नाही.

तुमच्या व्हिडिओत कोणता भाग जुळलेला दाखवलाय? पेटी आहे की मागचा तबला? ऐकून इथेच कळवा.