"लई भारी"वर थांबू नका, आकडा विचारा

ऊस रोपवाटिकांचे ग्राहक-अनुभवाचे व्हिडिओ बघा. शेतकरी उसाच्या कडेला उभा असतो आणि म्हणतो, "रोपं लई भारी हायत, सगळ्यांनी घ्या." हे ऐकून शिरोळचा किंवा कागलचा शेतकरी पैसे काढणार नाही. त्याला एकरी टनाचा हिशेब हवा असतो. दोष बोलणाऱ्याचा नाही. "रोपं कशी वाटली?" विचारल्यावर "भारी" हेच उत्तर येणार.

मुळात शूटिंगची वेळ चुकते. उभ्या उसात टन कुणालाच सांगता येत नाहीत. ऊस तुटून गेल्यावर, कारखान्याच्या वजन पावत्या हातात आल्यावर जा. कॅमेरा काढण्याआधी शेतकऱ्यासोबत पावत्यांची बेरीज करा आणि क्षेत्राने भागा. समजा, दोन एकरांत 104 टन गेले, म्हणजे एकरी 52. आता मागचा आकडा विचारा, पण लागणीचा! खोडव्याशी तुलना केली तर जाणकार शेतकरी लगेच पकडतो आणि व्हिडिओवरचा विश्वास उडतो.

मग प्रश्न असे विचारा: "अण्णा, आधी कांडी लावायचा तेव्हा नांग्या किती भरायला लागायच्या? रोपं घेताना मनात शंका काय होती? या वेळी नांग्या किती भरल्या? मागच्या लागणीला एकरी किती टन, आणि आत्ता किती?" एका वेळी एकच प्रश्न. उत्तर संपलं तरी तीन सेकंद गप्प राहा, बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतर येते. आकडा तुम्ही तोंडात घालू नका, पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं.

माझ्या मते नांग्यांचा प्रश्न टनापेक्षा मोलाचा आहे. टनात खत, पाणी, पाऊस सगळं येतं. नांग्या कमी पडल्या, हे मात्र बऱ्याच अंशी रोपांचं श्रेय.

तुमचा आवाज नंतर कापायचा असतो, म्हणून "बावन्न" एवढंच नको, "या वेळी एकरी बावन्न टन पडलं" असं पूर्ण वाक्य बोलायला आधीच सांगून ठेवा.

फोनचं काम थोडंच आहे. मागचा कॅमेरा वापरा, लेन्स पुसा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. फोन शेतकऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याच्यापासून साधारण चार फूट अंतरावर ठेवा. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश लॉक करा, नाहीतर पांढरी टोपी हलली की चेहरा काळवंडतो. घात आवाजच करतो. पाचटाची सळसळ आणि मोटरची घरघर फोनला शब्दांइतकीच मोठी ऐकू येते. क्लिप माइक हनुवटीखाली वीतभर लावा, वाऱ्याकडे पाठ करून उभं करा, मोटर बंद ठेवायला सांगा. दहा सेकंदांची चाचणी घेऊन इअरफोन लावून ऐका.

कापताना आकड्याचं वाक्य सगळ्यात पुढे घ्या, मग शंका, मग नांग्या. 45 सेकंद पुरेत. टाकण्याआधी अण्णांना दाखवा, आणि पावती दाखवणार असाल तर त्यावरचं नाव व खाते क्रमांक झाकून टाका.