फॅक्ट्स फुकट, पण यादी?

"फॅक्ट्सवर कॉपीराइट नसतो, मग दुसऱ्याच्या साइटवरून प्रोग्रॅमने उतरवलेली, म्हणजे स्क्रेप केलेली यादी आपल्या साइटवर टाकायला काय हरकत?"

अमेरिकेपुरतं हे बरंचसं चालतं, १९९१च्या फाइस्ट केसमध्ये फोन डिरेक्टरीतल्या नाव-नंबरांना कॉपीराइट नाही असंच कोर्टाने सांगितलं. पण युरोपियन युनियनमध्ये १९९६पासून वेगळा डेटाबेस हक्क आहे, माहिती गोळा करायला, तपासायला कोणी मोठा खर्च केला असेल तर त्यातला मोठा भाग उचलून पुन्हा प्रसिद्ध करणं तो १५ वर्षं अडवू शकतो, एकेक नोंद कुणाचीच नसली तरी. आणि रोज थोडंथोडं उचललं तरी सुटका नाही, तेही मोजलं जातं.

मी स्वतः यात पोळलोय. एका साइटवरच्या हजारो उपकरणांच्या किमती उतरवून सरासरी काढत होतो तोवर कोणी काही बोललं नाही, पण मग सगळा तक्ताच वर्णनं आणि फोटोंसकट माझ्या साइटवर टाकला आणि आठवड्यात नोटीस आली. वर्णनं आणि फोटो तर सरळ कॉपीराइटमध्येच येतात, ते काढले तरी यादीचा प्रश्न उरलाच. शेवटी फक्त सरासरीचा आलेख ठेवला. अर्थात खासगी विश्लेषणालाही युरोपात सरसकट मोकळीक नाही हं, २०१९च्या नियमाने डेटा मायनिंगला सूट दिलीय पण साइटने मशीनला वाचता येईल असा नकार लावला असेल तर धंद्यासाठी ती मिळत नाही.