टक्के कशाचे, ते आधी सांगा!

"सर, करंट सीटीसी किती? एक्स्पेक्टेड हाइक किती टक्के?" नव्या कंपनीच्या एचआरचा फोन उचलून तीस सेकंदही झाले नसतात, तोवर हा प्रश्न आदळतो. आणि आपला कोल्हापूरचा पोरगा भाबडेपणानं सांगून टाकतो, "सहा लाख आहे, तीस टक्के द्या." संपलं! तिथंच त्याचं वर्षाचं नुकसान ठरलं. संताप येतो तो याचाच, की टक्के कशावर धरायचे हे कुणी विचारत नाही आणि पलीकडचा स्वतःहून सांगत नाही.

सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो सगळा खर्च, हातात येणारा पगार नव्हे. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात सहा लाखांच्या सीटीसीवर काम करणारा, आईवडिलांच्या घरात राहणारा एक इंजिनिअर धरा. त्या सहा लाखांतले ६०,००० व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग. बेसिक तीन लाख, म्हणून कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३६,०००. ग्रॅच्युइटी साधारण १४,४००, आणि ती पाच वर्षं टिकलात तरच. वर विम्याचे ९,६००. हे १ लाख २० हजार दर महिन्याच्या पगारात दिसतच नाहीत. राहिले ४ लाख ८० हजार, म्हणजे महिना ४०,०००. त्यातून स्वतःचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की खात्यात ३६,८००.

आता पुण्याहून ७ लाख ८० हजारांची ऑफर येते. घरात पेढे वाटले जातात. पण नव्या ऑफरमध्ये व्हेरिएबल १५ टक्के असतं, बेसिक वाढलं म्हणून पीएफ आणि ग्रॅच्युइटीही वाढते. सगळं कापून हातात येतात सुमारे ४४,९००. वाढ ८,१०० रुपयांची! आणि पुण्यात खोलीचा वाटा ९,०००, मेस ४,०००, महिन्यात दोनदा गावी जाण्यायेण्याचे २,००० धरले, तर खर्च १५,००० नं वाढला. म्हणजे तीस टक्के 'वाढ' घेऊन महिन्याला जवळपास ७,००० कमी उरतात. पीएफमध्ये थोडे जास्त साठतात हे खरं, पण त्यातून घरमालकाचं भाडं भरता येत नाही.

म्हणून आकडा उलट्या बाजूनं काढायचा, खालून वर. आजचे ३६,८००, नवा खर्च १५,०००, झाले ५१,८००. इथं फक्त बरोबरी झाली. त्यावर खरी वाढ म्हणून ८,००० धरा, म्हणजे हातात साधारण ६०,००० हवेत. त्यात स्वतःचा पीएफ ५,२०० आणि प्रोफेशनल टॅक्स मिळवला की महिन्याचा ग्रॉस ६५,४००, वर्षाला फिक्स्ड ७ लाख ८५ हजार. नव्या कररचनेत एवढ्या पगारावर प्राप्तिकर लागत नाही, म्हणून तो धरलेला नाही. याच्यावर कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि १५ टक्के व्हेरिएबल चढवलं तर सीटीसी १० लाख ३७ हजारांच्या आसपास जातो. नुसत्या बरोबरीसाठीसुद्धा जवळपास नऊ लाख लागतात!

आता हेच टक्क्यांत सांगा बरं. "त्र्याहत्तर टक्के" म्हटलं की समोरची बाई हसते, "आमच्या पॉलिसीत बसत नाही" म्हणते. म्हणूनच टक्का तोंडातून काढायचाच नाही. सरळ म्हणायचं, "मॅडम, शहर बदलतंय, त्यामुळं मला फिक्स्ड ग्रॉस ७ लाख ८५ हजार हवेत, व्हेरिएबल त्याच्या वर." नऊ लाखांच्या सीटीसीच्या आत, याच रचनेत, काही आलं तर पुणं परवडत नाही. घासाघीस करायची ती नऊ लाख आणि १० लाख ३७ हजार या दोन सीटीसींच्या मधे.

आणि दोन गोष्टी विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. पीएफ पूर्ण बेसिकवर कापता की १५,००० च्या मर्यादेवर? मर्यादेवर असेल तर तुमच्याकडून १,८०० च कापले जातात आणि हे सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं. दुसरं, गेल्या वर्षी व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं आणि मधेच रुजू झालेल्याला मिळतं का? जुन्या कंपनीचं व्हेरिएबल मार्चनंतर मिळणार असेल आणि तुम्ही जानेवारीतच निघालात, तर ते ६०,००० सुद्धा बुडू शकतात. ते जॉइनिंग बोनसमध्ये मागा, पण वर्षाच्या आत सोडलं तर परत करायची अट आहे का ते वाचून.

चिडून चालू पगार फुगवून सांगायचा मोह मात्र नको. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ मागतातच, आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल तर पासबुकावरून बेसिकही सरळ कळतं. खोटं पकडलं गेलं की आलेली ऑफरही जाते. खरा सीटीसी सांगा, पण त्यातलं फिक्स्ड किती ते लगेच जोडून सांगा. आणि पगाराची पूर्ण फोड मेलवर येईपर्यंत राजीनाम्याचा मेल पाठवू नका.